घड्याळावरून मेसेजला उत्तर: एका अ‍ॅपला माझी यादी येते, दुसऱ्याला भलतीच, तिसऱ्याला काहीच नाही

अबोली_मध्यरात्री

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. अँड्रॉइड फोन आणि वेअर ओएसवालं घड्याळ. मेसेज आला की मनगटावरूनच दोन शब्दांत उत्तर द्यायचं, फोन पर्समधून काढायचाच नाही, एवढ्यासाठीच घेतलं म्हटलं तरी चालेल, कारण निम्मा दिवस मी मीटिंगमध्ये असते आणि उरलेल्या निम्म्यात हातात काहीतरी असतंच. घड्याळाचं जे अ‍ॅप फोनमध्ये असतं त्यात जाऊन मी माझी तयार उत्तरं लिहून ठेवली, आधीची इंग्रजी होती ती उडवली.

आता गंमत अशी की साध्या एसएमएसला सगळं व्यवस्थित येतं. एका चॅट अ‍ॅपला उत्तरांची यादी येते पण वरची तीन उत्तरं माझी नाहीतच, "Sounds good" छापाची काहीतरी, माझी पार खाली ढकललेली. आणि ऑफिसचं जे चॅट अ‍ॅप आहे, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिथे उत्तराचं बटणच नाही, नुसतं "फोनवर उघडा". गेल्या आठवड्यापर्यंत तिथेही येत होतं बहुतेक, पण शप्पथ घेऊन नाही सांगू शकत.

दुसरं म्हणजे बोलून लिहायला गेले की "उशीर होईल" चं "usher oil" होतंय. मी काही इतकी बोबडी बोलत नाही.

कोणाला माहितीये का हे असं तीन ठिकाणी तीन तऱ्हा का?

शेवटचा_बाक

अगं त्यासाठी फोनमध्येच सोय असते की. गाडी चालवताना किंवा मीटिंगमध्ये असताना मोड लावून ठेवायचा, मेसेज आला की फोन आपणहून "सध्या कामात आहे" असं पाठवतो. घड्याळाला हात पण लावायला नको. आयफोनवर ड्रायव्हिंग फोकसमध्ये आहे हे, कोणाकोणाला जावं ते पण ठरवता येतं, मी वापरतो.

अबोली_मध्यरात्री

@शेवटचा_बाक, ते माहितीये, पण मला आपोआप नकोय. प्रत्येकाला एकच उत्तर गेलं तर उपयोग काय, एकाला "हो" म्हणायचंय, एकाला "उद्या बोलू" म्हणायचंय. मीच देणार उत्तर, फक्त मनगटावरून.

नानासाहेब_जुनेजाणते

ही तयार उत्तरं फोनमध्ये साठवलेली असतात आणि घड्याळ ती ब्लूटूथवरून मागून घेतं. ऑफिसमध्ये तुमचा फोन लांब टेबलावर असणार, ब्लूटूथ तुटत असणार, म्हणून यादी येत नाही. फोन खिशात ठेवून बघा. माझंही असंच होत होतं.

खटपट्या

नाना, निम्मं बरोबर आहे तुमचं. यादी लिहितो आपण फोनमधल्या अ‍ॅपात हे खरं, पण एकदा ती घड्याळावर गेली की घड्याळावरच राहते, प्रत्येक वेळी मागावी लागत नाही. आणि ब्लूटूथ तुटलं असतं तर ऑफिसच्या अ‍ॅपचा मेसेजच मनगटावर आला नसता. इथे मेसेज येतोय, बटण येत नाहीये. फोन लागतो तो पाठवायला, त्याच्याबद्दल खाली लिहितो कारण त्यात एक वेगळाच फटका बसतो.

अबोली, आधी हे समजून घे की अँड्रॉइडवर घड्याळ स्वतः होऊन कुठल्याही अ‍ॅपला उत्तर देऊ शकत नाही. फोनवर जी सूचना येते तीच जशीच्या तशी मनगटावर जाते, आणि त्या सूचनेला उत्तराचं बटण लावायचं की नाही हे ते चॅट अ‍ॅप ठरवतं. म्हणजे घड्याळाच्या सेटिंगमध्ये कितीही खोदलंस तरी ऑफिसच्या अ‍ॅपचं बटण तिथे सापडणार नाही. ओळखायची सोपी खूण: त्या अ‍ॅपचा मेसेज आला की फोनवर वरून पडदा खाली ओढ, सूचना बोटाने मोठी कर, आणि बघ खाली "उत्तर द्या" आहे का. तिथे नसेल तर घड्याळावरही बहुतेक येणार नाही. तिथे असेल आणि घड्याळावर नसेल तर मग घड्याळाच्या मागे लागू.

मी पोटापाण्यासाठी अँड्रॉइडची अ‍ॅप्स लिहितो म्हणून आतलं दाखवतो, घाबरू नका, पाचच ओळी आहेत:

```kotlin
val remoteInput = RemoteInput.Builder("key_reply")
    .setLabel("उत्तर द्या")
    .setChoices(arrayOf("हो", "नाही", "नंतर बोलू"))
    .setAllowFreeFormInput(true)
    .build()
```

हे त्या बटणाला जोडलं की उत्तर चालू. यातलं `setChoices` म्हणजे अ‍ॅपवाल्याने स्वतः दिलेली तयार उत्तरं. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत `true` च्या जागी `false` लिहिलं तर फक्त तेवढ्या तीन उत्तरांतलंच निवडता येतं, माईक आणि कीबोर्ड दोन्ही गायब. लोक म्हणतात "अमुक अ‍ॅपला डिक्टेशनच येत नाही", तेव्हा कधीकधी कारण एवढंच असतं.

तुझ्या दुसऱ्या अ‍ॅपला जी परकी उत्तरं येतायत ती एकतर अशी अ‍ॅपने दिलेली आहेत, नाहीतर मेसेज वाचून सिस्टिमने सुचवलेली. घड्याळावर कधीकधी दोन्ही एकत्रही दिसतात. फरक ओळखायचा असेल तर दोन वेगळे मेसेज घे. "पोचलास का" आणि "फाईल पाठव" या दोन्हींना तीच तीन उत्तरं आली तर ती अ‍ॅपची आहेत, तुझ्या हातात काही नाही. मेसेजप्रमाणे बदलत असतील तर सुचवलेली आहेत, ती बंद करायचा खटका घड्याळाच्या नाहीतर फोनच्या सेटिंगमध्ये असतो, सर्चमध्ये smart replies किंवा suggested replies टाकून बघ, प्रत्येक कंपनीने तो वेगळ्या कोनाड्यात ठेवलाय.

ठिपका

माझं पण विचारून घेतो याच धाग्यात. माझ्याकडे आयफोन आहे आणि व्यायामासाठी घेतलेलं दुसऱ्या कंपनीचं घड्याळ. त्यावर मेसेज वाचता येतात, उत्तर काही केल्या देता येत नाही. मित्राकडे तेच मॉडेल आहे, अगदी तेच, अँड्रॉइडला जोडलेलं, आणि तो आरामात उत्तरं देतो. माझं घड्याळ खराब आहे का? दुकानदार म्हणतो बदलून देतो.

खटपट्या

@ठिपका, बदलू नका, नवीनही तसंच वागेल. आयफोन बाहेरच्या घड्याळांना सूचना देतो त्या एएनसीएस नावाच्या सेवेतून, 2013 च्या आयओएस 7 पासून आहे ती. तिच्यात घड्याळाला सूचना वाचता येते आणि फार तर एक होकारी, एक नकारी क्रिया करता येते, म्हणजे फोन उचल, कट कर, सूचना काढून टाक, असलं. मजकूर परत पाठवायला त्यात जागाच ठेवलेली नाही. म्हणून गार्मिन असो की फिटबिट, दोघांचीही तयार उत्तरांची सोय अँड्रॉइडला जोडलं तरच चालते. अ‍ॅपलचं स्वतःचं घड्याळ या रस्त्याने जात नाही, त्याला घरचा दरवाजा आहे.

शेवटचा_बाक

पण ते बदललं ना आता? युरोपने अ‍ॅपलला भाग पाडलं, आता सगळ्या घड्याळांना सगळं द्यावं लागणार.

खटपट्या

सगळं आणि सगळ्यांना नाही. मार्च 2025 मध्ये युरोपियन कमिशनने अ‍ॅपलला सांगितलं की दुसऱ्यांच्या घड्याळांशी सूचना वगैरे बाबतीत जुळवून घ्या, हे खरंय. पण तो आदेश युरोपियन युनियनपुरता. बाहेरच्या माणसाने त्याच्या भरवशावर घड्याळ घेऊ नये एवढंच म्हणेन.

मैनाराणी

आयफोन आणि अ‍ॅपल वॉच दोन्ही आहे त्यामुळे माझा अनुभव लिहिते. फोनवर Watch अ‍ॅप उघडायचं, Messages मध्ये Default Replies, तिथे खाली Add Reply. वर Edit दाबलं की ओढून क्रम बदलता येतो, नको असलेली उडवता येतात. हे बऱ्याच जणांना माहिती असतं. माहिती नसतं ते भाषेचं: सुचवलेली उत्तरं नको त्या भाषेत येत असतील तर घड्याळावर उत्तरांच्या यादीत खाली सरकत गेलं की Languages सापडतं, तिथे बदलता येते. आणि तिथे कोणत्या भाषा दिसतात तर ज्यांचे कीबोर्ड तुम्ही फोनवर चालू केलेत त्याच. म्हणजे फोनवर तुमच्या भाषेचा कीबोर्डच लावला नसेल तर घड्याळावर शोधून डोकं फुटेल.

अजून एक, यादीतल्या उत्तरावर बोट टेकलं की ते गेलंच. "पाठवू का" असं काही विचारत नाही. बोलून लिहिलं तर निदान मजकूर समोर दिसतो, मग पाठवायचं बटण दाबायचं. म्हणून माझ्या यादीत "हो" सगळ्यात वर आहे आणि "नाही" चार उत्तरं सोडून खाली. आधी दोघं शेजारी शेजारी होते, चालता चालता बोट टेकवायचं आणि मग फोन काढून खुलासा करत बसायचं.

पायडल

मी सायकलवाला, माझा सगळा संबंध डिक्टेशनशी. हातमोजे घातलेले असतात, यादी सरकवणं जमत नाही, मग बोलूनच. तर सांगतो काय होतं ते. चालत्या सायकलवर हात समोर हँडलवर असतो आणि आपण तिथूनच ओरडतो, माईकच्या भोकावरून वारा जातो आणि अर्धं वाक्य खाऊन टाकतो, गंमत म्हणजे पहिले दोन शब्द बरोबर येतात, मधलेच जातात, त्यामुळे वाचल्याशिवाय कळत नाही. "येत नाही" मधला "नाही" गेला तर काय होईल विचार करा. थांबायचं, मनगट तोंडाजवळ वीतभर अंतरावर आणायचं, माईकचं भोक कुठल्या बाजूला आहे ते एकदा बघून ठेवायचं आणि ती बाजू वाऱ्यापासून लपवायची. आणि आवाज नेहमीचाच ठेवायचा, ओरडल्याने फार तर वाईट होतं.

पावसात किंवा हात धुतल्यावर आवाज विहिरीतून आल्यासारखा जात असेल तर भोकात पाणी असतं. थोडा वेळ वाळू द्या. काही घड्याळांत पाणी बाहेर फेकायचा मोड असतो, तो वापरा, टाचणी घालू नका कृपया, एकाने घातली होती.

खटपट्या

@पायडल +१. आणि अबोलीचं "usher oil" हे वाऱ्याचं नाही, भाषेचं आहे. डिक्टेशन इंग्रजीवर ठेवून मराठी बोललं की ते बिचारं ऐकू आलेल्या आवाजाला जवळचे इंग्रजी शब्द शोधतं. हे ओळखायची खूण अशी की आलेला मजकूर इंग्रजी लिपीत असतो पण प्रत्येक शब्द खराखुरा शब्दकोशातला असतो, usher आणि oil दोन्ही खरे शब्द. वाऱ्याने किंवा अंतराने बिघडलं तर शब्द गाळलेले किंवा तुटलेले येतात, सगळेच्या सगळे बदलत नाहीत.

घड्याळातल्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन बोलण्याची भाषा वेगळी लावावी लागते, फोनची लावली म्हणून घड्याळाची लागतेच असं नाही. दोन भाषा लावल्या असतील तर बोलायच्या आधी स्क्रीनवर भाषेची खूण बघायची सवय लाव. आणि एकाच वाक्यात दोन भाषांची खिचडी करू नकोस, "मीटिंग पोस्टपोन झाली" असलं वाक्य कधी नीट येतं, कधी सगळा विचका होतो. तयार उत्तराचा फायदा इथेच आहे, ते तू फोनच्या मोठ्या कीबोर्डवर शांतपणे लिहिलेलं असतं, ऐकण्याचा प्रश्नच नाही.

अबोली_मध्यरात्री

पडदा ओढून बघितलं! आता ऐका. ऑफिसच्या अ‍ॅपच्या सूचनेला फोनवर पण उत्तर द्यायचं बटण नाही. नुसतं "नवीन मेसेज" असं लिहिलेलं, कोणाचा, काय, काहीच नाही. म्हणजे घड्याळाचा दोष नाही हे नक्की झालं. भाषा पण बदलली, "उशीर होईल" आता "उशीर होईल" च येतंय.

परक्या उत्तरांचं पण बघितलं, दोन वेगळ्या मेसेजना वेगळी आली, म्हणजे सुचवलेली आहेत. बंद केली, आता माझी वर आली. पण ऑफिसच्या अ‍ॅपचं काय करू, अ‍ॅप काढून परत टाकू का?

खटपट्या

थांब, काढू नकोस. "नवीन मेसेज" एवढंच दिसतंय म्हणालीस ना, कोणाचा ते पण नाही, तिथेच उत्तर आहे. त्या अ‍ॅपला आतून लॉक लावलंय का, ठसा किंवा पिन? बरीच चॅट अ‍ॅप्स लॉक चालू केलं की सूचनेतला मजकूर लपवतात, आणि मजकूर लपवला की उत्तराचं बटणही काढून घेतात. त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे, कुलूप लावलेल्या अ‍ॅपमधून कोणीही पडद्यावरून उत्तर पाठवू शकत असेल तर कुलपाला अर्थ काय.

अबोली_मध्यरात्री

अगदी! ऑफिसने सगळ्यांना सांगितलं होतं गेल्या आठवड्यात की अ‍ॅपला लॉक लावा. म्हणूनच "आधी येत होतं" असं वाटत होतं. आत्ता सेटिंगमध्ये बघितलं तर "अ‍ॅप लॉक कधी लागावं" असा पर्याय आहे: लगेच, एक मिनिटाने, अर्ध्या तासाने. अर्धा तास ठेवून बघते आणि सांगते.

ठिपका

तोवर एक प्रश्न. यादीत उत्तरं काय लिहायची? माझ्याकडे अँड्रॉइडचा जुना फोन पडलाय, त्याला जोडून बघावं म्हणतो. पण मला सुचतच नाही काही, "ओके" शिवाय.

मैनाराणी

यावर मी फार डोकं लावलंय. मुख्य अडचण ही की तीच यादी साहेबांनाही जाते, धाकट्या भावालाही आणि आत्यालाही. "ये" लिहिलं की साहेबांना जाणार, "या" लिहिलं की भाऊ हसणार. त्यामुळे समोरच्याला उद्देशून काही लिहायचंच नाही, आपल्याबद्दल किंवा कामाबद्दल लिहायचं. "पोचलं की कळवते", "बघून सांगते", "आत्ता बोलता येणार नाही, संध्याकाळी फोन करते", "मिळालं". हे कोणालाही चालतं. घड्याळ दोघांत वापरत असाल, आमच्याकडे होतं तसं, तर "करतो-करते" पण टाळा, "नंतर फोन होईल" किंवा "नंतर बोलू" लिहा.

आणि "पाच मिनिटांत येते" असलं वेळेचं उत्तर मी काढून टाकलं. ते कधीच पाच मिनिटं नसतात आणि समोरचा घड्याळ लावून बसतो. त्याऐवजी "निघाले" आणि "अजून निघाले नाही" अशी दोन.

उत्तर लहान ठेवा, पण एवढंही नको की कळणार नाही. मनगटावर एका वेळी तीन-चार ओळी दिसतात, दोन उत्तरांची सुरुवात सारखी असेल आणि पुढचं कापलं गेलं तर कोणतं कुठलं ते कळत नाही. "आत्ता मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू" आणि "आत्ता मीटिंगमध्ये आहे, तातडीचं असेल तर फोन" ही दोन्ही मला "आत्ता मीटिंगमध्ये…" अशीच दिसायची. आता दुसरं "तातडीचं असेल तर फोन चालेल, मीटिंगमध्ये आहे" असं उलटं केलं.

खटपट्या

हे शेवटचं लाख बोललात. फिटबिटला तर एका उत्तराला 60 अक्षरांचीच मर्यादा आहे, त्यामुळे वेगळेपण सुरुवातीलाच यायला हवं.

नानासाहेब_जुनेजाणते

आमच्याकडे वेगळंच घडतं. सोसायटीच्या गटात एकाने विचारलं "पाणी आलं का", मी मनगटावरून "हो" दाबलं, तेवढ्यात दुसऱ्याने विचारलं होतं "सभा रद्द करायची का". झालं, माझा "हो" त्याच्याखाली जाऊन बसला. घड्याळाने चुकीच्या मेसेजला उत्तर दिलं.

खटपट्या

नाना, ते घड्याळ चुकलं नाही. सूचनेतून दिलेलं उत्तर त्या गप्पांना जातं, त्यातल्या एका ठराविक मेसेजला चिकटत नाही. फोनवर आपण मेसेज सरकवून त्यालाच उत्तर देतो तसं इथे होत नाही. म्हणून गटासाठी नुसतं "हो" किंवा "नाही" वापरायचंच नाही. गटाला मनगटावरून द्यायचंच असेल तर बोलून द्या, "पाणी आलंय" असं पूर्ण.

आणि आता ते पाठवण्याचं. वेअर ओएसवर उत्तर दाबलं की घड्याळ बरोबरची खूण दाखवतं, आपण हात खाली करतो. त्या खुणेचा अर्थ एवढाच की मजकूर घड्याळाकडून निघाला. खरं पाठवतं ते फोनमधलं चॅट अ‍ॅप. फोनला त्या क्षणी नेट नसेल तर मेसेज फोनमध्ये अडकून बसतो, अ‍ॅप उघडलं की त्याच्याशेजारी अजून पाठवला नाही अशी छोट्या घड्याळाची खूण दिसते. लिफ्टमध्ये, तळघरात असं होतं. बॅटरी वाचवण्यासाठी फोनने अ‍ॅपला मागे काम करायला मनाई केली असेल तरी होतं, आणि ते जास्त त्रासाचं, कारण नेट दिसतंय पण मेसेज निघत नाही. माझ्या बाबतीत तरी असं वारंवार व्हायला लागलं की मी पहिल्यांदा त्या अ‍ॅपची बॅटरीची सेटिंग बघतो. ज्या उत्तरावर खरंच काही अवलंबून आहे ते मनगटावरून पाठवलं तर नंतर एकदा फोनवर डोकावून बघा.

एसएमएसचं पण तसंच, तो जातो फोनमधूनच, त्यामुळे तुमच्या योजनेत एसएमएसचे पैसे कापले जात असतील तर मनगटावरून पाठवलेल्याचेही कापले जातील.

पायडल

आणि ज्या घड्याळात स्वतःचं सिम असतं त्याचं?

खटपट्या

त्यात मग दोन गोष्टी. अ‍ॅप घड्याळावरच बसवलेलं असेल आणि घड्याळाला स्वतःचं नेट असेल तर फोनची गरज नाही. पण सूचना फोनवरून आलेली असेल तर उत्तर फोनमार्गेच जातं, सिम असो वा नसो. फोन घरी बंद पडलाय आणि घड्याळात सिम आहे म्हणून सगळं चालेल असं धरून चालू नका. तुमच्या कोणत्या अ‍ॅपचं घड्याळावरचं रूप आहे ते आधी बघा.

डिक्टेशनला पण बऱ्याच घड्याळांना नेट लागतं, फोनचं किंवा स्वतःचं. अ‍ॅपलच्या सिरीज 9 पासून बोलणं घड्याळातच ओळखायची सोय आली, पण तीही ठराविक भाषांना. बोलल्यावर लाटा हलतात पण अक्षरं उमटत नाहीत, आणि मग "परत प्रयत्न करा" येतं, तर ते नेटचं दुखणं. त्या वेळी तयार उत्तर चालतं, पण तेही फोनकडे जाऊन थांबणार हे लक्षात असू द्या.

अबोली_मध्यरात्री

आले परत. अर्ध्या तासाची मुदत ठेवली तर अ‍ॅप शेवटचं उघडल्यापासून अर्धा तास घड्याळावर बटण येतं, नंतर गायब. म्हणजे सकाळी फोनवर एकदा अ‍ॅप उघडलं की पहिली मीटिंग निभावते, दुसऱ्या मीटिंगला परत ये रे माझ्या मागल्या. लॉक काढून टाकायचं तर ऑफिसचा नियम आड येतो. तुमच्यापैकी कोणाच्या अ‍ॅपमध्ये असं आहे का की लॉक राहील पण सूचनेतून उत्तर देता येईल?

मैनाराणी

माझ्या एका अ‍ॅपमध्ये लॉकच्याच पानावर "सूचनेत मजकूर दाखवा" असा वेगळा खटका आहे. तो चालू ठेवला तर लॉक असूनही मजकूर दिसतो आणि उत्तरही देता येतं. तुझ्याकडे आहे का बघ.

नानासाहेब_जुनेजाणते

मग ते लॉक लावलंच कशाला? ऑफिसचे मेसेज मनगटावर उघडे पडणार, शेजारचा वाचणार. ऑफिसने लॉक सांगितलं ते काही उगाच नाही.

अबोली_मध्यरात्री

नाना, मनगटावरून काढलं की घड्याळाला पण पिन लागतो, त्यामुळे दुसऱ्याच्या हाती गेलं तरी वाचता येत नाही. हातात असताना शेजारचा डोकावेल हे मात्र खरं. तो खटका आहे माझ्याकडे, सापडला, पण चालू करायच्या आधी ऑफिसातल्या आयटीवाल्यांना विचारलंय. त्यांनी अजून उत्तर दिलं नाहीये.

शेवटचा_बाक

त्यांना पण एक घड्याळ घेऊन दे 😀

ठिपका

जुना अँड्रॉइड फोन जोडला, एसएमएसला उत्तरं यायला लागली, धन्यवाद खटपट्या. चॅट अ‍ॅपला मात्र नाहीत. फोनच्या पडद्यावर बटण आहे, घड्याळावर नाही. म्हणजे आता घड्याळाच्या मागे लागायचं ना?

खटपट्या

हो, आता घड्याळाच्या मागे. तुमचं वेअर ओएस नाही, व्यायामाचं घड्याळ आहे. त्यातल्या काहींची तयार उत्तरं फक्त एसएमएसपुरतीच असतात, चॅट अ‍ॅपच्या सूचना नुसत्या वाचायला. घड्याळाच्या अ‍ॅपात उत्तरांचं पान उघडा आणि तिथे अ‍ॅपनिहाय यादी आहे का बघा. फक्त "कॉल" आणि "मेसेज" एवढी दोनच नावं असतील तर समजायचं की चॅट अ‍ॅपला ते देतच नाही. मॉडेलचं नाव टाका, मी मॅन्युअल बघून सांगतो.